रेघेवरून काय वाहतं

कांजूरमार्गच्या पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला पवईच्या टेकड्या. रुळांलगतच्या या पट्ट्यात एकेकाळी कारखाने होते. विजेचं सामान घडवणाऱ्या क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जच्या पत्त्यात कांजूरमार्ग हे नाव वर्षानुवर्षं छापलं गेलं. आता इथे निवासी मनोरे आहेत आणि प्रत्येक मनोऱ्याच्या तळाशी एक पंपरूम. पालिकेचं पाणी दिवसातले ठरावीक तास येतं, आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि मग पंपाने गच्चीवर चढतं. शेजारीच भांडुप संकुल आहे, जिथून मुंबईच्या फार मोठ्या भागाला शुद्ध केलेलं पाणी जातं. 18 जुलै 2021च्या पावसात त्या संकुलातच पाणी शिरलं, विजेची यंत्रणा बंद ठेवावी लागली आणि शहराच्या बहुतेक भागांत नळ कोरडे पडले. अशा दिवशी सोसायट्यांच्या टाक्या तळाला जातात, आणि एरवी वर्षभर सुरळीत चालणाऱ्या पॅनलमधली एखादी चूक नेमकी तेव्हाच उघडी पडते. त्या चुकीकडे मी पुढे येणार आहे.

पंपरूममधली पॅनलं दोन पिढ्यांची आहेत. जुन्या पॅनलमध्ये कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, टायमर आणि टाकीत सोडलेले दोन फ्लोट. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेला नकाशा. नव्या पॅनलमध्ये कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड तसेच असतात, पण मधल्या रिलेंच्या रांगेच्या जागी एक छोटा कंट्रोलर येऊन बसलेला असतो आणि गच्चीवर फ्लोटऐवजी पाण्याची पातळी मोजणारा ट्रान्समीटर. दाराच्या खिशात नकाशाऐवजी प्रोग्रॅमची छापील प्रत. ती प्रत दोन रूपांत असू शकते. एक लॅडर, म्हणजे दोन उभ्या रेघांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी आणि त्यांवर कॉन्टॅक्ट. दुसरं फंक्शन ब्लॉक डायग्राम, ज्याला सगळे एफबीडी म्हणतात. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या रेघा आणि त्यांच्या वाटेत चौकोन, प्रत्येक चौकोन एक काम करणारा.

इलेक्ट्रिशियनला लॅडरच सोपं जातं, हे या धंद्यात इतक्या वेळा ऐकू येतं की त्यावर कुणी दुसऱ्यांदा विचार करत नाही. माझं म्हणणं असं आहे की ते अर्धं खरं आहे. कोणतं चित्र सोपं हे वाचणाऱ्याच्या शिक्षणावर ठरतं त्यापेक्षा जास्त, तो पॅनलला कोणता प्रश्न विचारतो आहे, यावर ठरतं.

एका पंपरूममध्ये मी एक वयस्क वायरमन आणि त्यांचा आयटीआय झालेला मदतनीस यांच्यासोबत उभा होतो. दाराच्या खिशातून एफबीडीचा कागद निघाला. काकांनी तो बाजूला धरून पाहिला आणि म्हणाले, “यात फेज कुठून येते आणि न्यूट्रल कुठे आहे?” मुलगा म्हणाला, “काका, यात फेज नाहीच. या रेघेवरून टाकीची पातळी जाते.” काका क्षणभर थांबले. “म्हणजे इन्स्ट्रुमेंटवाल्यांचं चित्र आहे हे.” एवढं बोलून ते खाली बसले आणि रेघेवर बोट ठेवून वाचू लागले.

काकांनी सहज काढलेला हा अर्थ बरोबर आहे. पुस्तकी व्याख्येपेक्षा तो मला जास्त उपयोगी वाटतो.

लॅडरचा जन्म रिलेच्या पॅनलमधून झाला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने 1968 साली रिलेच्या भिंतीएवढ्या पॅनलांना पर्याय मागितला. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन 084 हा कंट्रोलर तयार केला आणि 1969मध्ये तो कारखान्यात पोहोचला. यंत्र नवं असलं तरी ते सांभाळणारी माणसं रिलेचे नकाशे वाचणारीच होती, म्हणून प्रोग्रॅमही त्याच नकाशांच्या रूपात ठेवला गेला. डावी उभी रेघ म्हणजे फेज, उजवी म्हणजे न्यूट्रल, मधला कॉन्टॅक्ट बंद झाला की पुढचा कॉइल खेचतो. तारा राहिल्या नाहीत, पण चित्र तारांचंच राहिलं.

ब्लॉकच्या चित्रामागे दुसऱ्या खोलीतला वारसा आहे. माहुल-चेंबूरच्या रिफायनऱ्या 1954-55 साली सुरू झाल्या. अशा कारखान्यांत पहिल्यापासून दोन वेगळी खाती असत, इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंट. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा आयटीआय ट्रेडही वेगळा. त्यांच्या हातात हवेच्या नळ्या असत. 3 ते 15 पीएसआय दाबाची हवा ट्रान्समीटरमधून निघे, वर्गमूळ काढणाऱ्या डबीत जाई, तिथून कंट्रोलरमध्ये आणि कंट्रोलरमधून व्हॉल्व्हवर. पुढे हवेच्या जागी 4 ते 20 मिलिअँपिअरचा प्रवाह आला, पण प्रमाण तेच राहिलं, तळ एक तर माथा पाच. त्या काळी चित्रातला चौकोन म्हणजे भिंतीवर खरोखर बसवलेलं एक उपकरण होतं आणि रेघ म्हणजे त्या दोन उपकरणांमधली खरी नळी. नंतर सगळी उपकरणं एका कंट्रोलरच्या पोटात गेली, पण चित्र टिकून राहिलं. जर्मनीत सीमेन्सने स्टेप 5मध्ये लॅडरच्या जोडीला हे चित्र दिलं, आणि 1996 साली आलेल्या त्यांच्या LOGO! या लहानशा कंट्रोलरची तर ती मूळ भाषाच होती. 1993च्या आयईसी 61131-3 या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने दोन्ही चित्रांना शेजारी जागा दिली आणि त्यांच्यातला फरक अगदी मोजक्या शब्दांत सांगितला. लॅडरच्या रेघेवरून वाहते ती ‘पॉवर’, एफबीडीच्या रेघेवरून वाहतो तो ‘सिग्नल’.

कांजूरमार्गच्या पंपरूममध्ये मात्र दोन खाती नाहीत. मोटर बघणारा आणि ट्रान्समीटर बघणारा माणूस एकच, तोच वायरमन. दोन धंद्यांची दोन चित्रं त्याच्या एका पॅनलमध्ये येऊन मिळाली आहेत.

आता प्रत्यक्ष पॅनल घेऊ. गच्चीवरची टाकी 4 मीटर खोल आहे. तळाशी सोडलेला ट्रान्समीटर टाकी रिकामी असताना 4 मिलिअँपिअर देतो आणि काठोकाठ असताना 20. म्हणजे दर मीटरला 4 मिलिअँपिअर. पाणी 1.5 मीटरपर्यंत उतरलं, म्हणजे प्रवाह 10 झाला, की पंप चालू व्हावा. 3.5 मीटरला, म्हणजे 18 मिलिअँपिअरला, बंद व्हावा. मधल्या दोन मीटरमध्ये त्याने आपली आधीची अवस्था सोडू नये, नाहीतर प्रत्येक बादलीला मोटर चालू-बंद होत राहील. जमिनीखालच्या टाकीत पुरेसं पाणी असल्याशिवाय पंप चालता कामा नये, नाहीतर तो कोरडा फिरून सील जळेल. आणि ट्रान्समीटरची तार तुटली तर प्रवाह 3.6 मिलिअँपिअरच्या खाली येतो. त्याला ‘टाकी रिकामी’ समजून पंप चालवला तर गच्चीवरून धबधबा सुरू होईल, म्हणून तशा वेळी पंप थांबवून अलार्म द्यायचा.

ब्लॉकच्या चित्रात हे सगळं एका ओळीत मावतं:

```
mA --> [SCALE] --> [FILTER] --> [HYST] --> [AND] --> [TON 10s] --> RUN
                                            ^ ^
                         UG_OK -------------+ |
                         SENSOR_OK -----------+
```

पहिला चौकोन मिलिअँपिअरचे मीटर करतो. दुसरा पाण्याच्या लाटांमुळे हलणारा आकडा शांत करतो. तिसरा ‘पाणी हवं आहे’ की ‘नको’ हे ठरवतो. चौथा खालच्या टाकीची आणि ट्रान्समीटरची हमी घेतो. पाचवा 10 सेकंद वाट पाहतो. लॅडरमध्ये याच कामाच्या शेवटच्या ओळी अशा दिसतील:

```
|--[ Level_m <= 1.5 ]-----------------------(S) Demand --|
|--[ Level_m >= 3.5 ]-----------------------(R) Demand --|
|--[ Demand ]-[ UG_OK ]-[ SENSOR_OK ]-[TON 10s]-( Run )--|
```

वाचायला या ओळी सोप्या आहेत. पण `Level_m` हा आकडा आला कुठून, हे त्या सांगत नाहीत. तो दुसऱ्या एखाद्या पानावर, वेगळ्या ओळीत, एका डब्यात तयार झाला आहे. लॅडरच्या रेघेवरून आकडा जातच नाही. रेघेला माहीत असतं ते फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’. आकडे मेमरीत राहतात आणि त्यांच्या नावाने हाक मारावी लागते. एफबीडीच्या रेघेवर मात्र तो आकडाच असतो. लॅपटॉप जोडला की प्रत्येक रेघेवर त्या क्षणाची किंमत लिहिलेली दिसते.

याचा फायदा कसा होतो हे बिघाडात कळतं. पावसाळ्यातली पहाट, इमारतीत पाणी नाही, पंप बंद. खालची टाकी भरलेली, ओव्हरलोड ट्रिप झालेला नाही, फेज तिन्ही आहेत. चित्रावर नजर टाकली तर पहिल्या रेघेवर 11.2 मिलिअँपिअर, दुसरीवर 1.8 मीटर, आणि तिसऱ्या चौकोनातून निघणारी रेघ शून्य. चौकोन बरोबर वागतो आहे. 1.8 हे 1.5पेक्षा जास्त आहे, म्हणून तो पाणी मागत नाही. गणितही बरोबर आहे. 11.2मधून 4 वजा केले की 7.2, दर मीटरला 4, म्हणजे 1.8. मग उरतो एकच प्रश्न. टाकीत खरंच 1.8 मीटर पाणी आहे का? गच्चीवर जाऊन झाकण उघडलं तर तळाशी वीतभर-दोन वीत, फार तर 40 सेंटिमीटर. खरा प्रवाह 5.6 मिलिअँपिअर असायला हवा होता. दुप्पट दिसतो आहे.

म्हणजे दोष पहिल्या चौकोनाच्याही अलीकडे आहे, आणि प्रोग्रॅमला हात लावायची गरज नाही. दोन तारांच्या ट्रान्समीटरमध्ये प्रवाह ज्या तारांनी येतो त्याच तारांमध्ये कुठे ओल धरली तर ती ट्रान्समीटरला समांतर वाट होते, आणि तिच्यातून जाणारा प्रवाह खऱ्या प्रवाहात मिसळतो. टाकीजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये ट्रान्समीटरची एक तार सोडवून पाहायची. बाकी सगळं निरोगी असेल तर पॅनलमध्ये शून्य दिसायला हवं. तार सोडवल्यावरही 5 मिलिअँपिअरच्या वर दिसत असेल, तर ते पाणी टाकीतलं नाही, बॉक्समधलं आहे. बॉक्सचं रबर फाटलेलं असतं, टर्मिनलवर हिरवट थर असतो. कोरडं करून, टर्मिनल बदलून, बॉक्सचं ग्लँड खालच्या बाजूला घेतलं की काम संपतं. 24 व्होल्टवर एवढा प्रवाह गळायला साधारण चार हजार ओमची वाट पुरते, आणि मुंबईच्या पावसात खाऱ्या हवेने माखलेल्या टर्मिनलला ती द्यायला फार वेळ लागत नाही. यात एक मेख आहे. 3.6च्या खालचा अलार्म अशा वेळी मदतीला येत नाही, कारण गळती प्रवाहाला वरच धरून ठेवते. तार तुटली तर तो ओरडेल. तार ओली झाली तर गप्प बसेल.

हाच शोध लॅडरमध्ये घेता येतो, नाही असं नाही. `Level_m <= 1.5` हा कॉन्टॅक्ट पेटलेला नाही हे दिसतं, आजकालच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याच्याजवळ 1.8 हेही दिसतं. मग `Level_m` कुठे लिहिला जातो ते क्रॉस रेफरन्समध्ये शोधायचं, त्या पानावर जायचं, तिथे कच्चा आकडा दुसऱ्या नावाने भेटतो, त्याचा माग पुन्हा काढायचा. पहाटे सहाला, रहिवासी दारात उभे असताना, प्रत्येक उडीला चुकण्याची शक्यता वाढते. ‘हा आकडा इथे कसा आला?’ असा प्रश्न असेल तेव्हा ब्लॉकचं चित्र इलेक्ट्रिशियनला सोपं जातं, कारण तो मीटर घेऊन तारेवर जसा मागे मागे जातो तसंच त्याला कागदावरही जाता येतं. LOGO!च्या मॅन्युअलमध्ये प्रोग्रॅम टाकायचा नियमच असा दिला आहे की आउटपुटपासून सुरुवात करा आणि इनपुटकडे या. बिघाड शोधण्याची दिशाही तीच. काकांनी पंपरूममध्ये बोट ठेवलं तेही उजव्या टोकाला, पंपावर.

प्रश्न बदलला की पारडं फिरतं. त्याच पॅनलमधला मोटरचा स्टार्टर घ्या. स्टॉप बटण, ओव्हरलोड, फेज प्रिव्हेंटर, खालच्या टाकीचा फ्लोट, दुसरा पंप चालू नसल्याची खात्री, आणि मग कॉन्टॅक्टर. सगळं एकामागे एक. इथे आकडा कुठेच नाही. पंप चालू होत नाही तेव्हा वायरमन एकच विचारतो, ‘कुठे अडलं?’ लॅडरमध्ये हिरवी रेघ डावीकडून निघते आणि जिथे थांबते तिथे दोष. जुन्या पॅनलमध्ये टेस्ट लॅम्प एकेका टर्मिनलवर टेकवत जाताना तो नेमकं हेच करत असे. ब्लॉकच्या चित्रात ही साखळी पाच तोंडांचा एक ठोकळा होते, `&` लिहिलेला. कोणतं तोंड शून्य आहे ते दिसतं, पण पॅनलच्या टर्मिनल पट्टीवर ते कोणत्या क्रमाने जोडलेलं आहे याची कसलीही खूण त्या चित्रात उरत नाही. साखळीत एखादी समांतर वाट असली, म्हणजे मॅन्युअल-ऑटोचा स्विच, तर `&` आणि `>=1` असे ठोकळे एकमेकांत गुंततात, आणि लॅडरमध्ये दोन फांद्यांत जे नुसतं बघून समजतं ते इथे डोक्यात जुळवावं लागतं.

होल्डिंगचीही तीच गोष्ट. स्टार्ट बटण सोडल्यावर कॉन्टॅक्टर स्वतःच्याच कॉन्टॅक्टने स्वतःला धरून ठेवतो. आयटीआयच्या मुलाला सगळ्यांत आधी शिकवल्या जाणाऱ्या जोडण्यांपैकी ही एक. लॅडरमध्ये ती जशीच्या तशी दिसते. एफबीडीमध्ये आउटपुटची रेघ वळसा घेऊन मागे न्यावी लागते, आणि सिग्नल पुढेच वाहणार असं गृहीत धरलेल्या चित्रात ही उलटी रेघ डोळ्याला खटकते. ती रेघ वाहून आणते तो आकडाही मागच्या फेरीतला असतो, आत्ताचा नसतो. LOGO!मध्ये तर तशी रेघ त्याच वाटेवर थेट ओढूच देत नाहीत, फ्लॅग किंवा आउटपुट मधे घालून जोडावं लागतं. म्हणून बहुतेक जण होल्डिंगच्या जागी तयार ब्लॉक वापरतात, एका तोंडाने चालू करणारा, दुसऱ्याने बंद करणारा.

त्या ब्लॉकचं नाव वाचून मात्र कधीही विश्वास ठेवू नये. दोन्ही तोंडांवर एकाच वेळी सिग्नल आला, म्हणजे कुणी स्टार्ट दाबून धरलं आणि त्याच क्षणी स्टॉप दाबला गेला, तर कोण जिंकणार? आयईसीच्या प्रमाणात `SR` या ब्लॉकमध्ये चालू करणारं तोंड जिंकतं आणि `RS`मध्ये बंद करणारं. सीमेन्सच्या एस-7 कंट्रोलरांमध्ये `SR` नावाच्या ब्लॉकमध्ये बंद करणारं तोंड जिंकतं. नाव तेच, वागणूक उलटी. खरी खूण तोंडाजवळच्या एका अंकात आहे. ज्या तोंडावर `S1` किंवा `R1` लिहिलेलं असेल ते जिंकतं. मोटरला `R1` असलेलाच ब्लॉक हवा, त्याचं नाव काहीही असो.

याच प्रकारची, पण जास्त खोल लपलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीला उल्लेख केलेली चूक. ती पातळीच्या ब्लॉकमध्येच आहे. LOGO!मध्ये त्यासाठी एक तयार ब्लॉक मिळतो, ज्यात दोन मर्यादा भरायच्या असतात, `On` आणि `Off`. पॅनल बांधणारा माणूस पातळी सेंटिमीटरमध्ये घेतो आणि साधा विचार करतो की पंप 150ला चालू व्हावा, 350ला बंद व्हावा. म्हणून `On` = 150, `Off` = 350. कागदावर याहून सरळ काय असणार? पण मॅन्युअलमध्ये या ब्लॉकचे दोन नियम दिलेले आहेत. `On` ही मर्यादा `Off`एवढी किंवा तिच्यापेक्षा मोठी असेल, तर आकडा `On`च्या वर गेल्यावर आउटपुट चालू होतं आणि `Off`पर्यंत उतरल्यावर बंद होतं. `On` लहान असेल तर ब्लॉक वेगळंच काम करतो. आकडा दोन्ही मर्यादांच्या मध्ये आहे तोवर आउटपुट चालू, बाहेर गेला की बंद. त्यात मागची अवस्था लक्षात ठेवणं नाहीच.

आता हे पॅनल इमारतीत कसं वागेल ते पाहा. टाकी भरलेली आहे. सकाळी कुणी नळ सोडला, पातळी 350वरून 349 झाली, पंप लगेच चालू. मिनिटभरात 350, पंप बंद. पुन्हा नळ, पुन्हा पंप. दोन मीटर उतरेपर्यंत शांत राहायला हवा होता तो पंप दर थोड्या वेळाने दचकून उठतो. आणि रहिवाशांची तक्रार? एकही नाही. टाकी कायम काठाशी आहे, पाण्याला जोर आहे, पॅनल उत्तम आहे असं सगळे म्हणतात. खूण फक्त कॉन्टॅक्टरवर उमटते. त्याचे पॉइंट जळून खडबडीत होतात, मोटरचं अंग नेहमीपेक्षा गरम लागतं, आणि वर्षाच्या आत कॉन्टॅक्टर बदलावा लागतो. बिल वाचणारे कॉन्टॅक्टरच्या कंपनीला दोष देतात.

मग एखाद्या दिवशी पाणी येत नाही. टाकी 150च्या खाली जाते. दुसऱ्या दिवशी पालिकेचं पाणी येतं, खालची टाकी भरते, आणि पंप ढिम्म. आकडा दोन्ही मर्यादांच्या बाहेर आहे, ब्लॉकच्या मते चालू होण्याचं कारणच नाही. वॉचमन स्विच मॅन्युअलवर टाकतो, पंप चालतो. टाकी थोडी भरल्यावर स्विच पुन्हा ऑटोवर. एव्हाना पातळी 150च्या वर आलेली असते, त्यामुळे ऑटोही चालतं. सगळे म्हणतात, कंट्रोलर हँग झाला होता. चूक पुन्हा झाकली जाते, पुढच्या कोरड्या दिवसापर्यंत.

दुरुस्ती सोपी आहे. `On` = 350, `Off` = 150. आता हा ब्लॉक ‘पाणी हवं’ असं न सांगता ‘टाकी भरली’ असं सांगतो, आणि त्याची रेघ पुढच्या `&`मध्ये उलटी करून घ्यायची. उलटी केल्याची निशाणी म्हणजे तोंडावरचं एक छोटं वर्तुळ. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर ते दिसेनासं होतं, म्हणून मी भेटेल त्या वायरमनला सांगतो की वर्तुळ लाल पेनाने गिरवून ठेवा.

या एका ठिकाणी लॅडरच्या त्या दोन ओळींचं मोल कळतं. तिथे नियम उघडा होता. 1.5 किंवा त्याहून कमी असेल तर चालू, 3.5 किंवा जास्त असेल तर बंद. टाकी कितीही रिकामी असली तरी पहिली ओळ खरी ठरते, आणि हे चुकवायला मुद्दाम प्रयत्न करावा लागेल. ब्लॉक सिग्नलची वाट उघडी दाखवतो पण स्वतःचा नियम पोटात ठेवतो. लॅडर नियम उघडा ठेवतं पण आकड्याची वाट लपवतं. एकाच पॅनलमध्ये दोन्ही वापरता येतात, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे, आणि माझ्या मते पंपरूमसाठी तेच शहाणपणाचं आहे. ट्रान्समीटरपासून ‘पाणी हवं’पर्यंतचा भाग ब्लॉकमध्ये, ‘पाणी हवं’पासून कॉन्टॅक्टरपर्यंतचा भाग लॅडरमध्ये. जिथे आकड्याचं ‘हो किंवा नाही’ होतं, तिथे भाषा बदलायची. LOGO!सारख्या छोट्या कंट्रोलरवर प्रोग्रॅमचे असे दोन भाग करता येत नाहीत, एकच रूप निवडावं लागतं. तिथे मी ब्लॉक निवडीन आणि स्टार्टरची साखळी शक्य तितकी कंट्रोलरच्या बाहेर, तारेतच ठेवीन. ओव्हरलोड, फेज प्रिव्हेंटर आणि स्टॉप बटण यांना कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत उभं करायला कुणाच्याही प्रोग्रॅमची परवानगी लागत नाही, आणि टेस्ट लॅम्प तिथे अजून चालतो.

पॅनल ताब्यात घेताना सोसायटीने काय मागावं, असं समितीवरचे लोक विचारतात. छापील प्रत मागावी, प्रत्येक ब्लॉकमध्ये भरलेल्या मर्यादांसकट. कंट्रोलरच्या इवल्याशा पडद्यावर एका वेळी एखादाच ब्लॉक मावतो, त्यावर विसंबून चित्र समजत नाही. आणि एक चाचणी डोळ्यांसमोर करून घ्यावी. ट्रान्समीटरच्या जागी मिलिअँपिअर देणारा छोटा कॅलिब्रेटर जोडायचा, टाकीला हातही लावायचा नाही. 19 मिलिअँपिअरपासून सुरू करून हळूहळू खाली यायचं. 19ला पंप बंद. 12ला आलो तरी बंद. 9ला, दहा सेकंद थांबून, चालू. 5ला चालूच. मग वर चढायचं. 12ला चालू. 18.5ला बंद. शेवटी 3ला बंद आणि अलार्म. प्रत्येक पायरीला लाटा शांत करणाऱ्या ब्लॉकला थोडा वेळ द्यायचा, घाईने आकडा फिरवला तर तो मागे राहतो आणि पंप चुकतोय असं वाटतं.

या चाचणीत 12 दोनदा येतं आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं यायला हवं, उतरताना बंद आणि चढताना चालू. मर्यादा उलट्या भरलेलं पॅनल उतरतानाच्या 12ला चालू होऊन बसतं, आणि 9ला येऊन बंद पडतं. अर्ध्या तासाचं हे काम आहे. त्याचे सात आकडे, तारीख आणि सही त्याच छापील प्रतीच्या मागे लिहून ती दाराच्या खिशात ठेवली, तर पुढे तिथे येणारा वायरमन ट्रान्समीटरवर शंका घ्यायची की प्रोग्रॅमवर, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवू शकतो.